फोटोत फरपटलेलं कुंकू साफ करताना कपाळ खोटं का दिसतं आणि काय करावं

प्रश्न: "आईचा महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीचा फोटो आहे, मोबाईलवर काढलेला. पदरानं घाम पुसताना कुंकू भुवईपर्यंत फरपटलंय. हीलिंग ब्रश मारला की कपाळावर गुलाबी चट्टा पडतो, जास्त मारला की कपाळ प्लास्टिकसारखं दिसायलंय. मोठा करून फ्रेम करायचाय, खरं वाटंल असं कसं साफ करू?"

उत्तर:

फोटो उघडून नीट बघितला. तुमचा हात वाईट नाही, टूल चुकीचं धरलंय एवढंच. या फोटोत त्या डागाखालची कातडी शाबूत आहे, बारीक रेघा, छिद्रं, सगळं तिथंच आहे, फक्त त्यावर लाल रंगाचा पातळ थर चढलाय. म्हणजे काम रंग उतरवायचं आहे आणि तुम्ही कातडीच बदलायला निघालात. हीलिंग ब्रश दुसरीकडची कातडी आणून इथं चिकटवतो आणि तिचा रंग मात्र स्ट्रोकच्या कडेला जे असंल त्याच्याशी जुळवतो. तुमच्या स्ट्रोकची एक कड कुंकवाला टेकती, मग तो लाल रंग आत ओढून घेतो आणि तोच तुमचा गुलाबी चट्टा. त्यावर परत मारला की कातडी दुसऱ्यांदा बदलली, तिसऱ्यांदा बदलली, तिथून प्लास्टिक सुरू होतं.

मी लातूरला स्टुडिओत रिटचिंगच करतो, भाद्रपद ते दिवाळी असे फोटो सारखे येत राहतात, त्यामुळं पहिल्यांदा काय बघायचं हे हाताला बसलंय. फोटोशॉपमध्ये फोटो उघडा आणि Ctrl+3 दाबा. फोटो काळा-पांढरा होईल, हा नुसता लाल चॅनल. आता कपाळ बघा, डाग जवळजवळ गायब झालेला दिसंल. मग Ctrl+4 दाबा, हा हिरवा चॅनल, इथं तोच डाग काळपट ढगासारखा उठून दिसतो, आणि Ctrl+5 म्हणजे निळ्यातही तसाच. Ctrl+2 नं परत रंगीत. असं का होतं तर कुंकू लाल उजेड परत फेकतं आणि हिरवा-निळा गिळतं, म्हणून लाल चॅनलला डाग कळतच नाही. कुंकवानं त्या जागेचं नुकसान फक्त हिरव्यात आणि निळ्यात केलंय, तर दुरुस्तीही तिथंच करायची, लाल चॅनलला फारसा हात लावायचा नाही. पूर्ण काम याच एका गोष्टीवर उभं आहे.

हे सगळ्या फोटोंना लागू होत नाही हेही सांगतो. लाल चॅनलमध्ये डागाच्या जागी कातडीच्या रेघा दिसत असतील तरच ही पद्धत चालंल. कुंकवाचा जाड थर बसला असंल तर तिथं कातडी नाही, भुकटीच दिसंल. किंवा फ्लॅश लागून लाल चॅनल २५५ ला टेकला असंल तर तिथं सपाट पांढरं दिसंल, मग खाली उचलायला काही उरतच नाही. तुमच्या फोटोत कुंकवाच्या अगदी लगत छोटी जागा अशी जाड आहे, बाकी भुवईपर्यंतचा पट्टा पातळ आहे. म्हणून नव्वद टक्के काम रंगाचं, आणि थोडंसं क्लोनचं.

अजून एक, तुम्ही टाकलेली फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेली दिसतीय, बारकी झालीय आणि चौकोनी ठिपके पडलेत. ज्याच्या मोबाईलवर फोटो काढला त्याच्याकडनं ओरिजिनल मागवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा म्हणजे दाबून येणार नाही. हिरवा-निळा वर उचलला की त्या चॅनलमधला कचराही वर येतो, आणि दाबलेल्या फाईलमध्ये निळ्या चॅनलचे हाल सगळ्यात वाईट असतात. खाली मी जे आकडे देतोय ते तुमच्या याच फाईलवरचे आहेत, ओरिजिनलमध्ये थोडे इकडंतिकडं होतील.

आता आकडे. आयड्रॉपरचा सॅम्पल साईज 11 by 11 Average ठेवा, एका पिक्सेलवर विश्वास ठेवू नका, तिथं नॉईजच मोजला जाईल. इन्फो पॅनेल उघडा ठेवा. डागाच्या बरोबर वर, केसांच्या खाली, जी स्वच्छ कातडी आहे तिथं लाल १७०, हिरवा ११९, निळा ९० येतोय. डागाच्या मधोमध लाल १६४, हिरवा ८२, निळा ६८. बघा, लालमध्ये फरक सहाचा आणि हिरव्यात सदतीसचा. स्वच्छ कातडीचा नमुना डागाच्या शेजारचाच घ्या, कपाळाच्या दुसऱ्या बाजूचा घेऊ नका, कारण उजेड दाराकडनं म्हणजे फोटोत उजवीकडनं येतोय आणि डाग डावीकडं सावलीच्या अंगाला आहे. उजव्या बाजूचा रंग इकडं आणला तर डाग जाईल पण त्या जागी एक उजळ ठिगळ दिसंल, आणि बघणाऱ्याला काय चुकलं हे सांगता येणार नाही पण चुकलंय हे लगेच कळंल.

आता मास्क, आणि हा हातानं रंगवत बसू नका, हिरव्या चॅनलकडनंच करून घ्या. डाग कुठं दाट कुठं विरळ हे त्या चॅनलला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. Ctrl+Alt+4 दाबलं की हिरवा चॅनल सिलेक्शन म्हणून येतो, उजळ भाग जास्त सिलेक्ट, काळपट भाग कमी. आपल्याला उलटं पाहिजे म्हणून Ctrl+Shift+I. आता कर्व्ह्जची अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्या, सिलेक्शन आपोआप तिच्या मास्कमध्ये जाऊन बसतं. Alt धरून मास्कवर क्लिक करा म्हणजे मास्कच दिसंल, तिथं डाग करड्या रंगात उजळ दिसतो आणि स्वच्छ कातडी थोडी काळसर. मास्कवर Ctrl+L नं लेव्हल्स उघडा, काळा टोक १३६ च्या आसपास आणि पांढरा टोक १७३ च्या आसपास आणा. हे आकडे हवेतनं आले नाहीत, २५५ मधनं स्वच्छ कातडीचा हिरवा ११९ वजा केला की १३६ आणि डागाचा ८२ वजा केला की १७३. आता स्वच्छ कातडी काळी झाली, डाग पांढरा झाला आणि मधली विरळ जागा करडी राहिली, म्हणजे जिथं जेवढं कुंकू तेवढीच दुरुस्ती लागणार.

अर्थात मास्कमध्ये केस, भुवया, डोळे, कुंकू स्वतः, साडी, सगळंच पांढरं आलेलं असंल कारण हिरव्यात ते पण काळंच आहे. काळा ब्रश घ्या आणि डाग सोडून बाकी सगळं बुजवून टाका. कुंकवाच्या कडेला ब्रश कडक ठेवा, कातडीकडं मऊ. मग मास्कला दीड-दोन पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या. ही पायरी गाळू नका, कारण मास्क त्याच चॅनलमधनं बनलाय, त्यातला नॉईज मास्कमध्येही आहे, ब्लर न देता कर्व्ह लावला की कपाळावर रवा सांडल्यासारखं दिसतं.

आता कर्व्ह. वरच्या यादीतनं Green निवडा, खालच्या टोकाकडं जिथं Input ८२ आहे तिथं पॉईंट टाकून Output ११६ करा. Blue निवडा, ६८ चा ८७ करा. Red ला नुसता धक्का, १६४ चा १६८. डोळ्यासमोर डाग विरघळताना दिसंल, आणि १०० टक्क्यावर बघा, कपाळावरच्या आडव्या रेघा डागाच्या आरपार सलग चालल्यात का. सलग असल्या तर हे काम हीलिंगनं कधीच झालं नसतं असं आपोआप पटंल.

मी मुद्दाम पूर्ण ११९ ला नेलं नाही, ११६ ला थांबवलं. कारण खऱ्या कपाळावर कुंकवाच्या भोवती कातडी थोडी रंगलेली असतीच, भुकटी लावताना बोटानं कडेला थोडी लागतीच. सगळं धुवून काढून मधोमध कडक लाल गोल ठेवला की तो वरनं चिकटवलेला वाटतो. म्हणून मास्कवर कुंकवाला लागून एक बारीक पट्टा, समजा दहा-बारा पिक्सेलचा, कमी फ्लोच्या काळ्या ब्रशनं थोडा मंद करा, तिथं वीस-पंचवीस टक्के गुलाबी झाक राहू द्या आणि ती बाहेर जाता जाता संपू द्या. मोबाईलचा जेपीजी तसंही रंग अर्ध्या रिझोल्यूशनवर साठवतो, उजेड-अंधार मात्र पूर्ण, त्यामुळं लाल कड एक-दोन पिक्सेल बाहेर फुटलेली प्रत्येक फोटोत असती. ती कोरून काढायच्या नादी लागू नका.

आता तुमच्या फोटोत एक गोष्ट अशी आहे जी कुंकवाचा कर्व्ह लावल्यावरच दिसंल. डागाच्या खालच्या कडेला, भुवईच्या वर, एक पिवळट पट्टा उरंल. ती हळद आहे. महालक्ष्म्यांना आलेल्या बायांनी हळद-कुंकू दोन्ही लावलंय आणि पदरानं दोन्ही एकदम ओढलं गेलं. तिथं आकडे बघा, लाल १६८, हिरवा ११४, निळा ५८. म्हणजे हळद फक्त निळा गिळती, हिरव्याला जवळपास शिवत नाही. म्हणून तिच्यासाठी वेगळी कर्व्ह्ज लेयर, त्यात फक्त Blue, ५८ चा ८६. मास्क या वेळेला हिरव्याऐवजी निळ्या चॅनलचा घ्यायचा, पण खालच्या फोटोची लेयर निवडून आणि पहिली कर्व्ह्ज लेयर चालू ठेवून, म्हणजे कुंकू गेलेल्या फोटोवरनं मास्क बनंल. शॉर्टकट Ctrl+Alt+5, नवीन कर्व्ह्ज लेयर पहिलीच्या वर ठेवा, आणि मास्कच्या लेव्हल्समध्ये काळा टोक १६५ आणि पांढरा टोक १९७ च्या आसपास आणा, कारण २५५ मधनं या वेळेला निळ्याचे ९० आणि ५८ वजा होतात, बाकी सगळं तसंच. एकाच कर्व्हमध्ये दोन्ही मारायला गेलात तर कुंकवाच्या जागी निळसर-करडं आणि हळदीच्या जागी हिरवट असं काहीतरी येतं आणि मग माणूस तासभर स्लायडर ओढत बसतो.

निळा इतका वर उचलला की तिथं ठिपक्या-ठिपक्याचे रंगीत डाग येतील, याची तयारी ठेवा. त्यावर नवीन रिकामी लेयर, ब्लेंड मोड Color, शेजारच्या कातडीचा रंग उचलायचा आणि मऊ ब्रशनं फ्लो आठ-दहा टक्क्यावर ठेवून हलकं फिरवायचं. Color मोड उजेड-अंधाराला हात लावत नाही त्यामुळं कातडी तशीच राहती, फक्त रंगाचे ठिपके एकसारखे होतात. बरेच जण डाग काढायलाच हा मोड वापरतात आणि मग विचारतात की डाग गेला पण जागा मळकट राखाडी का दिसती. कारण तेच, कुंकवानं जागा नुसती लाल केली नव्हती, हिरवा-निळा दाबून काळपट पण केली होती, रंग बदलला तरी काळपटपणा खालीच राहिला. आधी कर्व्ह आणि मग Color मोड, हा क्रम बदलू नका.

एवढं झाल्यावर बहुतेक लोकं थांबतात, आणि फोटो तरी खटकत राहतो. कारण चमक. आईच्या कपाळावर स्वयंपाकाचा घाम आहे, दाराच्या उजेडानं कपाळभर बारीक चकाकी आलीय, पण भुकटी मॅट असती, ती जिथं जिथं फासली गेली तिथं चकाकी मेली. रंग जुळला तरी तेवढीच जागा पावडर लावल्यासारखी कोरडी दिसती. बघायचं असंल तर फोटो छोटा करून डोळे बारीक करून बघा, डागाचा आकार चकाकीच्या भोकासारखा दिसंल. यासाठी नवीन लेयर, मोड Soft Light, ५० टक्के ग्रे भरलेली, आणि पांढऱ्या मऊ ब्रशनं फ्लो दोन-तीन टक्के ठेवून कपाळाच्या गोलाईवर जिथनं चकाकी तुटलीय तिथनं पुढं जोडत न्यायची. ब्रश रेघांच्या मधल्या उंचवट्यावर फिरवायचा, रेघेच्या आत नाही. तुमचा डाग सावलीकडं असल्यामुळं इथं फार थोडं लागंल, पण भुवईच्या वरचं जे हाड आहे तिथं नक्की लागंल.

भुवईच्या केसांत अडकलेलं कुंकू वेगळं बघा. तिथं कर्व्ह लावायचा नाही, केस काळे असतात, उचलले की करडे होतात. परत Color मोडची लेयर, भुवईच्या स्वच्छ भागातला गडद तपकिरी रंग उचला, तीन-चार पिक्सेलचा ब्रश, आणि केसाच्या दिशेनं एकेक रेघ. एखादा लाल कण राहिला तर राहू द्या. नाकाच्या दांड्यावर पण दोन-तीन कण सांडलेत ते मी काढणार नाही, कुंकू लावलं की तिथं कण पडतातच, आणि तेवढ्यावरनं बाकीचं सगळं खरं वाटतं.

आता कुंकू. डाग गेल्यावर दिसंल की गोलाची डावी बाजू खाल्लेली आहे, पातळ झालीय, कड नाही. ही भरायची. पण इथं लगेच लंबगोल काढून लाल रंग ओतू नका. आधी आईला विचारा की तिचं कुंकू कसं असतं, मोठं गोल, बारीक, आडवं, चंद्रकोर, कारण घरातल्या माणसांना त्या आकारावरनंच चेहरा ओळखीचा वाटतो. फोटोत उजवी बाजू शाबूत आहे म्हणून आकार तर कळतोय, पण जिथं आकारच कळत नाही तिथं मी विचारल्याशिवाय काम करत नाही. आणि मुळात नसलेलं कुंकू तर कधीच लावत नाही, कोणाच्या कपाळावर ते का नाही हे आपल्याला माहीत नसतं. फोटो घेऊन येणाऱ्यालाही तसं स्पष्ट विचारतो.

एलिप्टिकल मार्की घ्या, शाबूत बाजूवर बसेल असा लंबगोल काढा, Select मधलं Transform Selection घेऊन थोडा फिरवा. मान जरा कलती आहे आणि कपाळ गोलाईचं आहे त्यामुळं तो पूर्ण गोल येणारच नाही, लांब बाजूला थोडा दबलेला येईल. कड किती मऊ ठेवायची हे अंदाजानं ठरवू नका, शाबूत कडेवर ४०० टक्के झूम करा आणि लाल संपून कातडी सुरू व्हायला किती पिक्सेल लागतात ते मोजा. तुमच्या फोटोत चार-पाच लागतात, म्हणून फेदर दोनचा ठेवा. मग नवीन रिकामी लेयर, क्लोन स्टॅम्प, वरती Sample: Current & Below, फ्लो ४० च्या आसपास, आणि कुंकवाच्या चांगल्या भागातनं भुकटी उचलून खाल्लेल्या जागेवर टाका. सिलेक्शन चालू आहे त्यामुळं बाहेर सांडणार नाही. एकाच जागेवरनं उचलत राहू नका, दोन-तीन ठिकाणं बदला, नाहीतर एकच नक्षी परत परत दिसती.

शाबूत अर्धा कापून आडवा फिरवून लावायचा सोपा उपाय सुचंल, तो करू नका. उजेड एका बाजूनं आहे, उजवीकडचा कुंकवाचा भाग उजळ लाल आहे आणि डावीकडचा गडद असायला पाहिजे. फिरवलेला अर्धा डावीकडं पण उजळ येतो आणि कुंकू गोळीसारखं फुगलेलं दिसतं. क्लोन करून मग त्या भागावर थोडा अंधार टाका, शेजारच्या कातडीत डावीकडं जेवढा उतार आहे साधारण तेवढाच.

क्लोन झाल्यावर कड फार नीट झाली असंल. Ctrl+D नं सिलेक्शन काढा, लेयरला मास्क लावा आणि मास्कवर दोन-तीन पिक्सेलच्या काळ्या ब्रशनं दोन ठिकाणी किंचित खा, मग लेयरवरच क्लोननं एक-दोन ठिकाणी किंचित बाहेर येऊ द्या, शाबूत कड जशी खडबडीत आहे तशी. तुमच्या फोटोत कपाळाची एक आडवी रेघ बरोबर कुंकवातनं जाती, तिथं भुकटी चिरलीय आणि कातडीची बारीक रेघ दिसतीय. उजव्या बाजूला ती चीर आहे, मग डाव्या भरलेल्या बाजूलाही ती पुढं गेली पाहिजे. मास्कवर एक पिक्सेलचा काळा ब्रश, अर्ध्या ओपॅसिटीनं, एकच रेघ. मला विचाराल तर पूर्ण कामात सगळ्यात जास्त खरेपणा या रेघेनं येतो, आणि हीच लोकं विसरतात.

कुंकवाच्या अगदी लगतची जी जाड थराची छोटी जागा सांगितली होती ती आता उरली असंल. तिथं कर्व्हनं लालसर खडबडीत कातडी आलेली असंल. क्लोन स्टॅम्पच वापरा, हीलिंग नको, डागाच्या वरच्या स्वच्छ कातडीतनं उचला, रेघेला रेघ जुळवून. हीलिंगच वापरायची सवय असंल तर आधी कुंकू सोडून कातडीचं सिलेक्शन करा आणि आतच ब्रश मारा, म्हणजे लाल रंगापर्यंत त्याचा हात पोचणार नाही.

तपासायचं असं. सगळ्यात वर एक Hue/Saturation लेयर टाकून सॅच्युरेशन +६० करा, दोन मिनिटांपुरतं. कपाळ भडक नारिंगी होईल आणि उरलेला डाग लगेच गुलाबी किंवा हिरवट होऊन बाहेर येईल. दुरुस्त करा आणि ती लेयर काढून टाका. मग परत Ctrl+4 दाबून हिरव्या चॅनलमध्ये बघा, ढग उरलाय का. पण एक लक्षात घ्या, आईची साडी लाल आहे आणि मागं मखराचं कापडही लालच आहे, त्याची झाक गालाच्या खाली आणि हनुवटीवर पडलीय. ती खरी आहे, चेहऱ्यावर आहे तशी राहू द्या. सॅच्युरेशन वाढवल्यावर ती पण दिसंल आणि डाग समजून तुम्ही काढायला जाल.

इथं कुणाला वेगळा केस असंल म्हणून थोडक्यात सांगतो. अष्टगंध नारिंगी असतं, त्याला निळा जास्त आणि हिरवा कमी उचलावा लागतो. बुक्का काळा, तो तिन्ही चॅनल सारखेच दाबतो, म्हणून पैठणच्या षष्ठीचे किंवा वारीचे फोटो असले की लाल चॅनल काही मदत करत नाही, तिथं तिन्हीचा एकत्र कर्व्ह आणि उरलेलं क्लोन. गोपीचंदन उलटं, ते कातडीपेक्षा फिकं असतं आणि वाळलं की पापुद्रे पडतात, त्याचा ओघळ रंगानं जात नाही, तो क्लोननंच काढावा लागतो. चिकटवायची टिकली सरकली असंल तर सगळ्यात सोपं, कापून जागेवर ठेवायची, पण तिची बारीक सावली पण सोबत न्यायची. आणि तुळजापूरहून आलेले मळवट भरलेले फोटो आले तर आधी विचारा, तिथं कपाळभर कुंकू हेच बरोबर असतं, त्याला डाग समजून साफ करणं म्हणजे माणसाची पूजा पुसणं.

फोटोशॉप नसंल तर फोटोपिया ब्राउझरमध्ये फुकट चालतं, त्यात चॅनलचे कर्व्ह, मास्क, ब्लेंड मोड सगळं आहे. गिंपमध्येही होतं. नुसत्या मोबाईलवर स्नॅपसीडच्या कर्व्ह्जमध्ये हिरवा-निळा वेगळा उचलता येतो आणि तो नंतर ब्रशनं फक्त डागावर लावता येतो, पण चॅनलचा मास्क तिथं नाही, बोटानंच रंगवावं लागतं, म्हणून फ्रेमच्या साईजसाठी मी ते सुचवणार नाही, स्टेटसला ठेवायला चालंल.

प्रिंटला पाठवताना फाईल sRGB मध्येच ठेवा आणि १२ बाय १८ काढायच्या आधी लॅबवाल्याकडनं फक्त कपाळ आणि डोळे येतील एवढा तुकडा, त्याच झूमवर, ४ बाय ६ च्या कागदावर काढून घ्या. कुंकवाचा लाल कागदावर स्क्रीनपेक्षा गडद येतो, आणि गडद आला की आपण ठेवलेली गुलाबी झाक पण वाढल्यासारखी वाटती. तसं झालं तर कर्व्ह परत लावायची गरज नाही, कुंकवाच्या लगतचा मास्क थोडा उजळ करा, म्हणजे झाक कमी होईल. तो तुकडा दाराच्या उजेडात धरून बघा, दुकानातल्या ट्यूबखाली नको. ओरिजिनल फाईल मिळाली आणि आकडे माझ्यापेक्षा फार वेगळे आले तर डागाचे आणि शेजारच्या कातडीचे तिन्ही आकडे इथं टाका, कर्व्हचे पॉईंट सांगतो.